शहाण्णव एमबीचा डाव

टीव्ही दुरुस्तीच्या कामात हल्ली पेचकसापेक्षा रिमोट जास्त चालतो. त्या दिवशीची तक्रारही तशीच होती. चित्र उत्तम, आवाज उत्तम, पण रोज सिनेमे बघायचं ॲप उघडलं की ते आधी अपडेट करायला सांगायचं, आणि अपडेट करायला गेलं की जागा नाही असा निरोप यायचा. आधी येऊन गेलेल्या माणसाने बोर्ड बदलावा लागेल असं सांगून ठेवलं होतं. घरात काका-काकू दोघंच. मुलगा बाहेरगावी, तो फोनवर.

काकूंनी दारातच सांगितलं, "ॲप काढायला सांगू नका हं. मी महिन्यापूर्वीच सगळी काढून टाकली आहेत."

होम स्क्रीन खरंच मोकळी दिसत होती, जेमतेम चार चौकोन. मी Settings मधून System आणि तिथून Storage उघडलं (जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर हेच Device Preferences मध्ये असतं). टीव्ही 8 जीबीचा. त्यातला मोठा हिस्सा टीव्हीची स्वतःची प्रणालीच धरून बसते. या टीव्हीत घरच्यांच्या वाट्याला 4.6 जीबी आले होते आणि त्यातले 140 एमबी शिल्लक होते. ॲपच्या यादीत गेलो तर काकूंनी 'काढलेली' सगळी ॲप तिथे सुखात नांदत होती.

झालं होतं असं. होम स्क्रीनवर ॲपच्या चौकोनावर ओके बटण दाबून धरलं की छोटा मेनू येतो. त्यात Remove from favorites असतं आणि Uninstall पण असतं. काकूंनी प्रत्येक वेळी पहिलं निवडलं होतं. त्याने फक्त चौकोन समोरून हलतो, ॲप जिथल्या तिथे राहतं. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता होम स्क्रीनवर विश्वासच ठेवत नाही, थेट यादी उघडतो.

काका आत झोपले होते. मी मुलाला फोन लावून नावं वाचून दाखवायला सुरुवात केली. तो घाईत होता. रेडिओ? "काढा." हवामान? "काढा." बुद्धिबळ? "ते कोण खेळतंय आता, उडवा." अशी पाच ॲप मी Uninstall केली. एकेक ॲप उघडायचं, Uninstall, खात्री विचारली की ओके, पुढचं. मध्येच त्याने विचारलं, "त्या एका ॲपचं वर्गणीचं चालू आहे, ते पण थांबेल ना?" नाही थांबत. ॲप काढलं तरी वर्गणी खात्यावर चालूच राहते, ती खात्यात जाऊनच बंद करावी लागते. हे त्याला नीट समजावलं. त्या नादात मी एक गोष्ट केली नाही, ती पुढे येतेच.

पाच ॲप गेल्यावर Storage पुन्हा पाहिलं. 140 चे 380 एमबी झाले होते. अपडेटचा प्रयत्न केला, तर पुन्हा तोच निरोप. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत तो बोर्ड तरळत होता.

इथे बरीच माणसं चक्रावतात. Play Store वर ॲपचा आकार 150 एमबी लिहिलेला असतो आणि हाताशी 380 असतात, मग अडतं कुठे? अडतं असं, की आधी ती फाइल उतरते, मग तिच्यातून ॲप उभं राहतं, आणि तोवर जुनी आवृत्तीही जागेवरच असते. थोड्या वेळासाठी लिहिलेल्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट जागा लागते. शिवाय प्रणाली थोडी जागा स्वतःसाठी राखून ठेवते, त्या रेषेखाली आलात की ती नवीन काही बसवूच देत नाही.

खरी चूक माझी होती. मी नावं बघत सुटलो होतो, आकडे बघितले नव्हते. म्हणून पिशवीतून वही काढली, एकेक ॲप उघडून त्याचा आकार लिहायला लागलो. ॲपच्या पानावर दोन आकडे महत्त्वाचे असतात, एक डेटाचा आणि एक कॅशेचा म्हणजे तात्पुरत्या साठवणीचा, आणि ॲपचा स्वतःचा आकार वेगळा. पाच मिनिटांत चित्र उघड झालं. गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ एकटाच 780 एमबी धरून होता. नातवंडं सुट्टीत येऊन गेली तेव्हाचा. ॲप लहानच, पण पहिल्यांदा उघडल्यावर त्याने रस्ते, गाड्या, आवाज असलं सगळं डेटा म्हणून उतरवून ठेवलं होतं. मी काढलेली पाच ॲप मिळून या एकट्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नव्हती.

खेळाबद्दल मात्र मी आधी काकूंना विचारलं, मग मुलाला. दोघांनी हो म्हटल्यावर काढला. शिल्लक 1160.

मग आली टीव्हीसोबतच आलेली ॲप. दोन अशी होती की घरात कुणी कधी उघडलीच नव्हती, आणि त्यांच्या पानावर Uninstall हा पर्यायच नव्हता. लोक इथे हात टेकतात. पण तिथेच Uninstall updates लिहिलेलं असतं, आणि जागा नेमकी त्यातच अडकलेली असते. कारखान्यातून आलेली मूळ प्रत प्रणालीच्या कुलूपबंद भागात असते. ती काढता येत नाही, आणि काढली तरी तुम्हाला एक एमबीही मिळणार नाही, कारण तो भाग तुमच्या 4.6 जीबीत धरलेलाच नाही. त्या ॲपची नंतर आलेली अपडेट मात्र तुमच्या वाट्याच्या जागेत येऊन बसतात. या दोघांची मिळून 340 एमबी निघाली. नुसती अपडेट काढून थांबलं तर Play Store ती पुन्हा आणून ठेवतो, म्हणून लगेच Disable करून टाकलं. पण या वाटेने भलत्याच नावाला हात लावू नये. Google Play services किंवा Android System WebView अशी नावं दिसली तर पुढे सरकायचं. ती कुणी 'वापरत' नसतं, पण बाकीची ॲप त्यांच्या जिवावर चालतात.

रोजच्या सिनेमाच्या दुसऱ्या एका ॲपचा कॅशे 280 एमबी होता. तिथे Clear cache दाबलं. शेजारचं Clear data दाबलं असतं तर खात्यातून बाहेर पडून पुन्हा पासवर्ड शोधत बसावं लागलं असतं. कॅशेचं एक आहे, तो वापराबरोबर पुन्हा भरतो. ही जागा उसनी मिळाली असं समजायचं. शेवटी फाइल बघायचं ॲप उघडलं तर Download फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवरून आणलेल्या तीन apk फाइल पडून होत्या, 260 एमबी. ॲप बसवून झाल्यावर त्या फाइलचं काही काम उरत नाही, पण ॲप काढलं तरी त्या आपोआप जात नाहीत.

आता शिल्लक 2040 एमबी. अपडेट लावलं, काही न बोलता झालं. काकूंनी पट्कन विचारलं, "म्हणजे बोर्ड नको?" नको म्हटलं.

आणि तेवढ्यात काका उठून आले. रिमोट हातात घेतला, होम स्क्रीनवर इकडेतिकडे फिरले, यादीत गेले, परत आले.

"माझं बुद्धिबळ कुठे गेलं?"

मी म्हटलं, "काका, जागेसाठी काढलं. परत टाकून देतो, दोन मिनिटांचं काम."

"तसं नाही. डाव अर्धा होता माझा."

परत बसवलं. ॲप आलं, पण कोरं करकरीत. पहिल्या पातळीवर, पट मांडलेला, जिंकलेले डाव 0. त्या ॲपला कुठलं खातं जोडलेलं नव्हतं. काका दुपारी उठल्यावर त्यावर खेळायचे, एकेक चाल, कधी दिवसाला दोनच. ते सगळं फक्त त्या टीव्हीत होतं, आणि Uninstall बरोबर ॲपचा डेटाही जातो. परत घ्यायला काही बटण नाही. खातं असतं तर निदान लॉगिन केल्यावर काहीतरी परत यायची आशा असती. मी फोनवर ते विचारलंच नव्हतं. ॲप उघडून आत साचलेलं काही आहे का एवढं बघायलाही अर्धं मिनिट पुरलं असतं. आणि ते ॲप होतं 96 एमबीचं. 2040 मधून 96 वजा केले असते तरी अपडेट आरामात झालं असतं.

मुलाने सांगितलं म्हणून काढलं, हे ओठांवर आलं होतं. बोललो नाही. काढलं मीच होतं.

"काका, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

काका काही वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मांडून देता येतो का यात हवा तसा पट?"

शोधलं, तर तो पर्याय होता. हवी ती सोंगटी हव्या त्या घरात ठेवून तिथून खेळ सुरू करता येत होता. मी रिमोट हातात धरला, काका खुर्ची पुढे ओढून सांगायला लागले. राजा इथे. हत्ती त्याच्या शेजारी. दोन प्यादी या बाजूला, मधलं पुढे गेलेलं. रिमोटच्या बाणांनी सोंगटी ठेवणं म्हणजे किचकट काम, एक घर चुकलं की पुन्हा फिरून यायचं. एका घोड्यापाशी अडलो. काका डोळे मिटून बसले, बोटांनी हवेत काहीतरी मोजलं, मग म्हणाले, "नाही, त्याच्या डावीकडे."

पातळी सातवर होती म्हणाले, ती लावून दिली. वीस मिनिटं गेली असतील. पुढच्या घरून दोनदा फोन येऊन गेला होता.

काकांनी रिमोट घेतला, पट नीट बघितला, आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट नेलं.

"इथे एकसष्ट होते."

"ते नाही येणार, काका."

"बरं," म्हणाले, आणि उंट हलवला.