तुम्ही विचारलंत म्हणून: बिलातली चूक आणि माफीचं वजन

"आपल्याच बिलात आपली चूक निघाली, तर क्लायंटला कळवताना माफी किती मागायची? फार नमतं घेतलं तर डोक्यावर बसतात, नाही घेतलं तर आपण उर्मट दिसतो. पत्र लिहायचं तरी कसं?"

पहिलं असं पत्र लिहिलं तेव्हा मी माफी ढीगभर मागितली होती. "अत्यंत दिलगीर आहोत", "हे अक्षम्य आहे", "आमची मान शरमेने खाली गेली आहे" वगैरे. चूक होती जेमतेम चार हजारांची, डिलिव्हरी चलनापेक्षा बिलात दोन नग जास्त लागले होते. पत्र पोचलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या अकाउंट्समधून फोन: "मागच्या तीन वर्षांची सगळी बिलं चलनांसकट पाठवा." मला वाटलं होतं मी सभ्यपणा दाखवला. वाचणाऱ्याला वाटलं, चार हजारांसाठी कुणी एवढं रडत नाही, म्हणजे आत आणखी काहीतरी असणार.

तेव्हापासून मी माफी रकमेच्या आणि त्रासाच्या मापात मागते, आणि एकदाच मागते. गेल्या ऑगस्टमधलं एक प्रकरण सांगते, म्हणजे बोलण्यात काय होतं आणि कागदावर काय, ते कळेल.

आमचा मशिनशॉप आहे, अकाउंट्स मी बघते. एका सहकारी साखर कारखान्याला आम्ही बगॅस कॅरियरच्या चेनच्या पिना देतो. हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग निघतं आणि जून-जुलैत हा माल जातो. दर आधी २१२ रुपये होता. १ जूनपासूनच्या सुधारित खरेदी आदेशात तो १९४ झाला. तो आदेश मेलवर आला, आमच्या मार्केटिंगवाल्याने वाचला, आणि टॅलीतल्या दरयादीत कुणीच बदलला नाही. १८ जुलैचं १,५०० पिनांचं बिल जुन्या दराने गेलं: ३,१८,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ३,७५,२४०. व्हायला हवं होतं ३,४३,३८०. म्हणजे ३१,८६० रुपये जास्त.

माझ्या लक्षात आलं १३ ऑगस्टला, येणी जुळवताना. पहिला मोह असा की लगेच फोन उचलावा. मी अर्धा दिवस थांबले आणि १ जूननंतरची त्या कारखान्याची सगळी बिलं काढली. चारच होती. त्यात २ जुलैचं २०० पिनांचंही चुकलेलं निघालं, ४,२४८ रुपयांनी. हा अर्धा दिवस मला टोनच्या हिशोबातच धरावासा वाटतो. एक चूक कबूल करणारा प्रामाणिक वाटतो. आठवड्याने "आणखी एक सापडली" म्हणणाऱ्याचं पहिलं पत्रही मग खोटं वाटायला लागतं. दोन्ही मिळून ३६,१०८. हा आकडा हातात आल्यावर फोन.

फोन चीफ अकाउंटंट साहेबांना. मी म्हटलं, "साहेब, जुलैच्या दोन बिलांना आमच्याकडून जुना दर लागलाय. छत्तीस हजार एकशे आठ रुपये जास्तीचे लागलेत. क्रेडिट नोट देते, पत्र पाठवते." ते म्हणाले, "किती?" मी आकडा परत सांगितला. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "हे बघितलं कुणी? तुम्ही का आमच्याकडून?"

या दुसऱ्या प्रश्नात सगळं आहे. आपण समजतो समोरचा आपल्यावर चिडलाय. खरं म्हणजे त्यांच्या स्टोअरने त्या बिलावर सही केलेली असते, खरेदी विभागाने दर बघून पुढे पाठवलेलं असतं, अकाउंट्सने पास केलेलं असतं. तीन टेबलं पार करून चुकीचा दर गेलेला असतो. सहकारी संस्थेत वर्षाअखेरीस लेखापरीक्षक बसतो, आणि माझं पत्र त्या फाईलमध्ये लागणार असतं. त्यामुळे माझ्या पत्रात त्यांच्या माणसावर ठपका येता कामा नये. मी म्हटलं, "आमच्याच तपासणीत निघालं साहेब. तसंच लिहिते." ते म्हणाले, "हां, मग पाठवा."

आता विचार करा, आपण सवयीने काय लिहितो: "सदर बाब आपल्याही निदर्शनास आली नसल्याने..." हे वाक्य मी खरोखर एका व्हेंडरच्या पत्रात वाचलंय. माफीच्या पत्रातच त्याने क्लायंटच्या क्लार्कला अडकवलं होतं.

पत्र मराठीतच गेलं, कारखान्याचा कारभार मराठीत चालतो. सुरुवात अशी:

"स. न. वि. वि., आमच्या दि. २ जुलै व दि. १८ जुलैच्या दोन बिलांत आम्ही सुधारित दराऐवजी जुना दर लावला. त्यामुळे आपल्याला जीएसटीसह एकूण रु. ३६,१०८ जास्त आकारले गेले. ही चूक आमची आहे व त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या अंतर्गत तपासणीत ती १३ ऑगस्ट रोजी आढळली."

यात "आम्ही जुना दर लावला" या चार शब्दांसाठी मी दोन मसुदे फाडले. मराठीत कर्ता गायब करणं फार सोपं. "चूक झाली आहे", "नजरचुकीने दर लागला गेला", "अनवधानाने आकारणी झाली". वाचताना असं वाटतं की चूक पावसासारखी वरून पडली. "नजरचुकीने" तर मी आता अजिबात वापरत नाही. तो शब्द चुकीला आधीच लहान करून ठेवतो, आणि लहान की मोठी हे ठरवायचा हक्क पैसे देणाऱ्याचा. एकदा वाक्यात "आम्ही" आला की पुढे "आकारले गेले" चालतं. "सिस्टीममधल्या बिघाडामुळे" हेही नको. टॅलीने तोच दर लावला जो आम्ही त्यात ठेवला होता.

कारण एका वाक्यात दिलं: सुधारित आदेशाचा दर आमच्या दरयादीत भरला गेला नव्हता. कुणी भरला नाही, ते लिहिलं नाही. आतल्या माणसाचं नाव पत्रात आलं की वाचणाऱ्याला कळतं, ही कंपनी अडचणीत आली की पोराला पुढे करते.

मग दुरुस्ती. इथे टोन क्रियापदाच्या काळात असतो. "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" हे वाक्य सरकारी पत्रांमुळे आपल्या हाडात मुरलंय, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: काही होणार नाही. म्हणून मी आधी कामं केली, मग पत्र लिहिलं. "दोन्ही बिलांच्या क्रेडिट नोटा दि. १६ ऑगस्ट रोजी काढल्या असून सोबत जोडल्या आहेत." नंबर, तारीख, मूळ बिलाचा नंबर, करपात्र फरक, सीजीएसटी, एसजीएसटी. मोठ्या बिलासाठी २७,००० अधिक २,४३० अधिक २,४३०. कायद्याने दोन बिलांना एकच क्रेडिट नोट चालते. मी दोन काढल्या, कारण त्यांच्याकडे प्रत्येक बिलाची फाईल वेगळी फिरते.

काही जण विचारतात, बिल रद्द करून नवीनच का देत नाही? ई-इन्व्हॉइस असेल तर पोर्टलवर चोवीस तासांच्या आतच रद्द होतं. आणि आमचं जुलैच्या विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, तर ११ ऑगस्टला भरून झालं होतं. ती बिलं कारखान्याच्या २बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या कर-क्रेडिटच्या यादीत, १४ तारखेला उतरणार होती. अशा वेळी "जुनं बिल फाडून टाका, नवीन देतो" म्हणणं म्हणजे आपली चूक त्यांच्या टेबलावर ढकलणं.

सगळ्यात नाजूक भाग पुढचा. आपल्या चुकीमुळे त्यांना एक काम करावं लागतं. क्रेडिट नोट आमच्या ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मधून जाणार, मग त्यांनी आयएमएसवर, म्हणजे पोर्टलवर बिलं-नोटा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या जागी, ती स्वीकारायची आणि जास्तीचं इनपुट टॅक्स क्रेडिट, आयटीसी, म्हणजे दोन्ही मिळून ५,५०८ रुपये, कमी करायचं. त्यांनी ती नाकारली तर तेवढा कर परत आमच्या कर भरायच्या विवरणपत्रात, ३बीमध्ये, चढतो. म्हणजे इथे गरज आमची, आणि आपण मात्र लिहितो: "कृपया तात्काळ आयटीसी रिव्हर्स करून कळवावे." चूक तुमची आणि "तात्काळ" त्यांनी! मी लिहिलं: "या क्रेडिट नोटा १४ सप्टेंबरच्या सुमारास आपल्या २बीमध्ये दिसतील. त्या स्वीकारून आयटीसीमध्ये रु. ५,५०८ ची घट घ्यावी, ही विनंती. यात आपल्याकडे वाढीव काम होत आहे याची आम्हाला जाणीव आहे." दिलगिरी दुसऱ्यांदा मागितली नाही. पण त्यांचं काम मोजलं आणि तसं सांगितलं.

रक्कमेबद्दल एकच ओळ. बिल पास झालं होतं, पैसे आले नव्हते (साखर कारखान्याकडून महिन्यात पैसे आले असते तर मीच घाबरले असते). "देय रकमेतून रु. ३६,१०८ वजा करून उर्वरित रक्कम अदा करावी." इथे एक मोह आवरला. बाकी रक्कम लवकर मिळावी असं आमच्या मालकांना त्याच पत्रात घालायचं होतं. मी म्हटलं, "काका, माफीच्या पत्रात वसुली नको. ती मी पुढच्या आठवड्यात वेगळ्या मेलने करते." ते कुरकुरले, पण ऐकलं.

शेवटी "यापुढे असे होणार नाही" लिहायचं का? मी नाही लिहिलं. होणार नाही हे मला माहीत नाही. त्याऐवजी त्यांना तपासता येईल अशी गोष्ट लिहिली: "आजपासून आमच्या प्रत्येक बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक व दर लागू झाल्याची तारीख छापली जाईल." पुढचं बिल हातात आलं की ती ओळ आहे की नाही, हे त्यांचा कारकूनसुद्धा पाच सेकंदांत सांगेल.

उलटी चूक, म्हणजे आपण कमी दर लावला असेल, तर गणित बदलतं. तिथे डेबिट नोट काढायची म्हणजे पैसे मागायचे, आणि दिलगिरीचं वाक्य मागणीच्या आधी आलं की ती मागणीची प्रस्तावना वाटते. मी आधी खरेदी आदेशातला मंजूर दर आणि फरक लिहिते, मग दिलगिरी, आणि फरक पुढच्या बिलासोबत दिला तरी चालेल असं फोनवर सांगते. कागदावर नाही.

कारखान्याचे पैसे ऑक्टोबरात आले, ३६,१०८ वजा होऊन. क्रेडिट नोटा त्याआधीच सप्टेंबरात स्वीकारल्या गेल्या होत्या. त्यानंतर एका बिलाची प्रत स्टोअरमधून पोच म्हणून परत आली, त्यावर छापलेल्या दराच्या तारखेखाली कुणीतरी पेन्सिलने बारीक टिक केली होती.