इतवारी ते वाडी: नट-बोल्टच्या धंद्यात माल आत घेण्याची आमची पद्धत

वडिलांनी नागपूरच्या इतवारीत दुकान टाकलं तेव्हा नट-बोल्ट किलोवर यायचे आणि किलोवरच जायचे. गेट-ग्रिलवाले, ट्रॉली बांधणारे, गावाकडचे फॅब्रिकेशनवाले यायचे, काट्यावर दोन-चार किलो टाकून घ्यायचे, हिशेब तिथेच संपायचा. त्या धंद्यात स्टॉक नावाची वेगळी भानगड नव्हती. पोतं भरलेलं दिसलं की माल आहे, खपाटीला गेलं की लुधियानाच्या पुरवठादाराला फोन.

पुढे हिंगणा एमआयडीसी आणि बुटीबोरीतले कारखाने गिऱ्हाईक झाले आणि आम्ही अमरावती रोडवर वाडीला गोदाम घेतलं. कारखान्याची ऑर्डर किलोत येत नाही. ‘एम-१२ × ५०, ग्रेड ८.८, झिंक प्लेटेड, २,००० नग, टेस्ट सर्टिफिकेटसह’ अशी येते. आणि लुधियानाचं बिल मात्र आजही किलोतच येतं. घेताना किलो, विकताना नग. आमच्या स्टॉकचा सगळा घोळ या दोन मापांच्या मधल्या जागेत व्हायचा.

तेव्हाची रीत बाजारात सगळीकडे असते तीच होती. गाडी आली की हमाल पोती उतरवणार, गोदामवाला पोती मोजून बिल्टीवर सही देणार, बिल ऑफिसात जाणार आणि अकाउंटंट बिलावरचे किलो टॅलीत टाकणार. टॅली मास्टरमधल्या ठरावीक वजनाने त्याचे नग करणार. मालाकडे कोणी बघितलं, पीओशी, म्हणजे आपल्याच खरेदी ऑर्डरशी, कोणी ताडलं, हे त्या साखळीत कुठेच नव्हतं. स्टॉक चढायचा तो पुरवठादाराच्या शब्दावर. सेल्सचा पोरगा स्क्रीनवर बघून बुटीबोरीला ‘आहे, उद्या पाठवतो’ सांगायचा आणि रॅकवर हजारभर नग कमी निघायचे.

त्यावर आम्ही एक कागद केला. एकच पान, मराठीत, काट्याच्या वर भिंतीला लावलेलं. त्याचं पहिलं वाक्य असं आहे: ‘बिल हा मालाचा पुरावा नाही. पीओ म्हणजे आपण काय मागितलं, बिल म्हणजे त्याने कशाचे पैसे मागितले, आणि आवक पावती म्हणजे आपल्याला काय मिळालं. स्टॉक फक्त आवक पावतीवरून चढेल.’

दुसऱ्या नियमावर गोदामात बरीच कुरकुर झाली. उतरवणाऱ्याच्या हातात पीओची जी प्रत जाते तिच्यात आकड्याचा रकाना कोरा असतो. आयटम, साइज, ग्रेड, कोटिंग सगळं लिहिलेलं, पण किती ते नाही. बिलही तोवर ऑफिसात राहतं. आमचा गोदामवाला म्हणाला, “आकडा मालूम नसन तं मोजाचं कसं, भाऊ?” मी म्हटलं, “मोजाले आकडा लागत नाही, काटा लागते.” कारण साधं आहे. समोर ५०० लिहिलेलं असलं की दुपारच्या उन्हात घामाघूम झालेला माणूस आठ पोती मोजतो आणि दोन नजरेने भागवतो. कागद कोरा असला की त्याला वजन करावंच लागतं, कारण भरायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. संपूर्ण कागदातला एकच नियम ठेवायची पाळी आली तर मी हा ठेवीन.

एक गाडी घेऊनच सांगतो. पीओ होती एम-१२ × ५० हेक्स बोल्ट, ८.८, झिंक, ५०० किलो, दर ११० रुपये. बिल तसंच आलं, ५५,००० अधिक १८ टक्के जीएसटी. बिल्टीवर १० पोती. परराज्यातून ५०,००० च्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल आलंच, तेव्हा आधी त्यावरचा गाडी नंबर आणि बिल नंबर समोरच्या गाडीशी आणि बिलाशी जुळतो का ते बघितलं. मग ड्रायव्हर असतानाच पोती मोजली, शिवण उसवलेली किंवा पाण्याचा डाग असलेलं पोतं आहे का ते पाहिलं. फाटलेलं पोतं असलं तर तो शेरा ट्रान्सपोर्टवाल्याच्या प्रतीवरच लिहायचा. आपल्या प्रतीवर लिहून काही उपयोग नाही, ती त्याच्याकडे जातच नाही. या गाडीत दहाच्या दहा पोती धड होती. सही ‘१० पोती मिळाली, वजन व दर्जा तपासणे बाकी’ अशीच द्यायची, नुसती सही नाही.

मग काटा. सकाळी गोदाम उघडलं की २० किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून काटा बघायचा, हेही कागदावर आहे. प्रत्येक पोतं वेगळं तोलायचं आणि बारदान वजा करायचं. रिकामं पोतं तोलून त्याचं वजन आधीच लिहून ठेवलेलं असतं. दहा पोत्यांचं निव्वळ वजन भरलं ४९७.२ किलो. ५०० वर आम्ही अर्धा टक्का, म्हणजे अडीच किलोपर्यंतचा फरक सोडतो. काट्या-काट्यात तेवढा फरक पडतोच आणि त्यावरून पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नाही. इथे तूट २.८ किलोची, म्हणजे ती लिहायची.

त्यानंतर पोतं उघडणं. प्रत्येक पोत्याच्या तोंडातून नाही, मधून हात घालून मूठभर बोल्ट काढायचे. वर चांगला आणि आत दुसरा माल हा या बाजारातला जुना खेळ आहे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ चा ठसा आणि कारखान्याची खूण हवी. पट्टीने लांबी बघायची, कारण ५० च्या पोत्यात ४५ चे मिसळलेले असले तर नुसत्या नजरेला कळत नाहीत. आटे बघायला गेजची नट हाताने फिरवायची. झिंकचा थर जाड बसला असला तर ती दोन-तीन आट्यांवरच अडते. पोत्यावरच्या टॅगचा हीट नंबर, म्हणजे पोलाद ज्या ओतकामातून आलं त्याचा नंबर, टेस्ट सर्टिफिकेटवर आहे का तेही ताडायचं. सर्टिफिकेट एका हीटचं आणि माल दुसऱ्या हीटचा असला तर तो कागद आमच्या कारखानदाराच्या कामाचा नाही.

सातव्या पोत्यात बोल्ट होते एम-१२ × ५० च, चकाकीही तशीच, पण डोकी कोरी. बिनठशाचा बोल्ट ८.८ चा असेलही, पण तो तसा म्हणून विकता येत नाही. ते पोतं ४९.७ किलोचं. ते नाकारलेल्या मालाच्या लाल पट्ट्याच्या आत गेलं.

राहिले ४४७.५ किलो. आता नग. तीन वेगवेगळ्या पोत्यांतून १००-१०० बोल्ट मोजून लहान काट्यावर टाकले: ५.६२, ५.५८ आणि ५.६० किलो. सरासरी ५.६०, म्हणजे नगाला ५६ ग्रॅम. ४४७.५ ला ०.०५६ ने भागलं की ७,९९१ येतात, आम्ही खालच्या दहावर आणून ७,९९० धरतो. बिलावरून एंट्री झाली असती तर त्याच वजनाने ८,९२८ नग चढले असते, म्हणजे ९३८ नग फक्त स्क्रीनवर असते. मास्टरमधलं ठरावीक वजन वापरायचं नाही, प्रत्येक लॉटचं नमुना वजन नव्याने घ्यायचं, हाही नियम आहे. कारखाना बदलला, डोक्याची उंची किंवा झिंकचा थर जरासा बदलला, की नगामागे एखाद-दोन ग्रॅम सरकतात. एक ग्रॅमचा फरक म्हणजे या लॉटवर दीडशेच्या आसपास नग.

टॅलीत एंट्री दोन टप्प्यांत होते. उतरवलेला सगळा माल, ४९७.२ किलो, रिसीट नोटने ‘तपासणी’ नावाच्या गोदामात येतो. रिसीट नोट करताना पीओ नंबर निवडायचाच, म्हणजे पीओत शिल्लक किती राहिलं ते आपोआप दिसतं. तपासणी संपली की स्टॉक जर्नलने ४४७.५ किलो, ७,९९० नग वाडीच्या रॅकवर आणि ४९.७ किलो ‘परत’ गोदामात. सेल्सला फक्त रॅकचा आकडा विकायची मुभा आहे. नाकारलेलं पोतं कुठेच न दाखवण्याचा आग्रह अकाउंटंटचा होता, मी मानलं नाही. जे पोतं गोदामात उभं आहे ते कुठल्या तरी नावाखाली दिसलंच पाहिजे, नाहीतर वर्षअखेरच्या मोजणीत कोणीतरी ते उचलून रॅकवर ठेवतो. पुरवठादाराची गाडी ते घेऊन गेली की रिजेक्शन आउटची एंट्री.

आवक पावतीवर गोदामवाल्याची आणि तपासणाऱ्याची सही झाली की मगच ऑफिस बिल उघडतं. पीओ, पावती आणि बिल शेजारी ठेवून आयटम, नग-किलो आणि दर ताडायचे. इथे फरक ५२.५ किलोचा, ११० ने ५,७७५ रुपये, जीएसटीसह ६,८१४.५०. तेवढ्याची डेबिट नोट गेली. पण आपली डेबिट नोट म्हणजे नुसती मागणी असते. पुरवठादाराने क्रेडिट नोट काढून आपल्या रिटर्नमध्ये भरली की ती आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसते, आणि तेवढ्या कराचं इनपुट क्रेडिट आपण घ्यायचं नाही, कारण तो माल आपण स्वीकारलेलाच नाही.

तारखेचं एक कलम मी मागाहून जोडलं. पुरवठादार उद्यम पोर्टलवर नोंदलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असला, तर एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर डिलिव्हरीच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. २०२३-२४ पासून आयकरातही हे लागू आहे: मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, दिली त्या वर्षीच धरता येते. म्हणून ‘फोनवर सांगितलं होतं’ आमच्याकडे चालत नाही. कोऱ्या डोक्यांचं पोतं निघालं त्याच संध्याकाळी फोटो आणि आवक पावतीचा नंबर टाकून ईमेल गेलाच पाहिजे. व्हॉट्सॲप वेगळं करा हवं तर, पण ईमेल हवाच.

पद्धतीला मर्यादा आहेत. डोक्यावरचा ठसा ताकद सिद्ध करत नाही. शंका आली तर दोन नग लॅबला जातात आणि तो लॉट रिपोर्ट येईपर्यंत ‘तपासणी’तच राहतो. एम-६ चे वॉशर १०० नगांवर तोलले तर काट्याची चूकच मोठी ठरते, म्हणून तिथे ५०० नगांचा नमुना घेतो. शिवाय सगळं धरून एक गाडी तपासायला अर्धा दिवस जातो. सणाच्या आधी तीन गाड्या एकदम लागल्या की हमालीवाले ओरडतात. अशा वेळी गाडी रिकामी करून पोती ‘तपासणी’त ठेवायची परवानगी आहे, रॅकवर न्यायची नाही.

एक प्रकार मात्र अजून या कागदात नीट बसलेला नाही. कधीकधी लुधियानाहून माल वाडीला न येता थेट गिऱ्हाइकाच्या बुटीबोरीच्या गेटवर उतरतो. तिथे काटा त्यांचा, माणूस त्यांचा. सध्या आम्ही त्यांच्या स्टोअरची आवक पावती आणि पोत्यांचे टॅगसकट फोटो आल्याशिवाय आपली रिसीट नोट काढत नाही. कोरा रकाना तिथे पाठवायचा का, यावर त्यांच्या स्टोअरकीपरशी बोलणं चालू आहे. त्यांचं म्हणणं, त्यांच्या संगणकात आकडा आधीच दिसतो. आपला माणूस गाडीसोबत पाठवावा, तर त्याचा दिवसाचा खर्च त्या मालातल्या नफ्यातून निघतो का, ते आता प्रत्येक ऑर्डरला बघतो.