पुढचा घेर गेला कुठे?

इंग्लंडमधल्या एका छोट्या म्युझियममध्ये मी जुने कपडे पुतळ्यांवर चढवायचं काम करते. लोकांना वाटतं पुतळ्याला ड्रेस घातला की झालं, पण एकोणिसाव्या शतकातल्या स्कर्टला स्वतःचा आकार नसतोच, तो आतल्या सांगाड्याचा असतो, त्यामुळे आमचं निम्मं काम ड्रेसच्या आतलं.

गेल्या महिन्यात एक जांभळा रेशमी ड्रेस आला, नोंदवहीत लिहिलेलं '1862, क्रिनोलिन'. म्हणजे आत पिंजरा हवा. स्टीलच्या गोल कड्या सुती पट्ट्यांवर टांगलेल्या, 1856 पासून हे मिळायला लागलं आणि बायकांची चार-पाच कडक पेटीकोटांच्या ओझ्यातून सुटका झाली. मी घुमटासारखा पिंजरा बनवला, वर एक पेटीकोट (नाहीतर कड्या रेशमातून उठून दिसतात), आणि वरून स्कर्ट सोडला. तर समोरचं कापड ताणून बसलं, पुढची कड घोट्याच्याही वर गेली आणि मागे ढीगभर कापड जमिनीवर लोळायला लागलं. चुकीचा सांगाडा असला की असंच होतं, कड जमिनीला समांतर राहतच नाही.

क्युरेटर म्हणाली, "पुढे थोडं खाली ओढून घे ना, लोकांना तो गोल घेरच बघायचा असतो." मला हे अजिबात पटलं नाही. दीडशे वर्षांचं रेशीम ओढलं तर टराटरा फाटतं. आणि नोंदवहीवर इतका भरवसा का ठेवतात देव जाणे.

स्कर्ट उतरवून उलटा केला. मागचे पट सरळ, दोन्हीकडे कापडाची मूळ किनार शाबूत. पुढचे मात्र तिरके कापलेले, कमरेला अरुंद नि खाली रुंद, त्यामुळे पोटावर एकही चुणी नाही. मागे आतून नाड्या शिवलेल्या, त्या पायांमागे बांधल्या की पुढचं कापड चप्प बसतं आणि मागचं फुगतं. ही तर 1870 च्या आसपासच्या पहिल्या बसलची, म्हणजे स्कर्ट फक्त कमरेमागे फुगवणाऱ्या सांगाड्याची, रचना! मग कमरेमागची झालर उचलली तर तिच्या एका कडेला सुईच्या भोकांची दाट रांग, जुन्या चुण्यांची. पुढच्या घेरातून कापलेले तुकडे कुणीतरी मागच्या झालरीला वापरले होते. नवा ड्रेस न घेता घेरच पुढून मागे नेला होता.

मी पिंजरा काढला, समोर सपाट आणि फक्त मागे अर्धगोल कड्या असलेला सांगाडा बांधला, वर जाळीच्या झालरी लावल्या. कड जमिनीला समांतर आली, कुठेही न ओढता.

पाटीवर आता दोन्ही काळ लिहिलेत, पण झालर खाली असल्यामुळे ती भोकं कुणाला दिसत नाहीत. झालर थोडी उचलून पिन करावी का, त्यानं रेशीम तुटेल का, हे माझं अजून ठरत नाहीये.