71 वरून थेट 100

मी सोलापुरात एका चादर कारखानदाराकडे लॅपटॉपवर डिझाइनं करतो. बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंगला 80 टक्क्यांची मर्यादा लावली होती. मार्चमध्ये लाइट गेली आणि 41 टक्के दिसत असताना लॅपटॉप गप्पकन बंद पडला. मालक म्हणाले, "अहो, निम्मी बॅटरी होती की!" दुकानदारानं तर न बघताच नवीन बॅटरीचा भाव सांगितला.

खरं तर बॅटरीतली टक्केवारी सांगणारी चिप किती चार्ज उरलाय हे थेट मोजतच नाही. एका बारीक रोधातून गेलेला करंट ती वेळेनुसार बेरजेत धरते. समजा मोजणीत 1 मिलीअँपिअरची चूक आहे. दिवसाला 24 मिलीअँपिअर-तास झाले, साठ दिवसांत 1440. अगदी बारीक करंट शून्य धरून चिपा हे थोडं आवरतात, पण बॅटरी आतल्या आत जे गमावते ते रोधातून जातच नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. व्होल्टेज पाहून चूक सुधारावी, तर मधल्या टप्प्यात ते फारसं हलत नाही आणि लोड असला की खाली दबतं. भरवशाच्या खुणा दोनच: पूर्ण भरलेली आणि जवळजवळ रिकामी. 80 च्या मर्यादेमुळे वरची खूण मी स्वतःच बंद केली होती, आणि खालची कधी आलीच नव्हती.

मर्यादा काढली, चार्जर लावला आणि लिनक्समध्ये हा आकडा पाहिला (मायक्रोअँपिअर-तासांत):

```
cat /sys/class/power_supply/BAT0/charge_full
4100000
```

चिपच्या मते पूर्ण क्षमता 4100 मिलीअँपिअर-तास. टक्केवारी 71 पर्यंत चढली आणि तिथून थेट 100! व्होल्टेज वरच्या टोकाला होतं, चार्जिंगचा करंट ओसरला होता, म्हणून चिपनं "भरली" असं ठरवलं. 4100 चे 71 टक्के म्हणजे साधारण 2900. बॅटरी तेवढीच उरली असावी.

मग दोन तास थंड होऊ दिली (एप्रिलचं ऊन, त्यात पंखाही बंद). चार्जर काढून काम चालू ठेवलं. सुमारे अडीच तासांत 2700 खर्च झाले. हिशेबानं अजून 34 टक्के उरायला हवे होते, पण व्होल्टेज खालच्या खुणेवर आलं आणि आकडा 34 वरून 7 वर कोसळला. याच उडीत चिप शिकते: 93 टक्क्यांत 2700 गेले, तर एकूण सुमारे 2900. पुन्हा पूर्ण भरल्यावर charge_full तोच आकडा दाखवू लागलं.

बॅटरी काही सुधारली नाही, अडीच तासच चालते. पण आता 20 टक्के दिसले की डिझाइन सेव्ह करायला पुरेसा वेळ मिळतो. मर्यादा पुन्हा 80 वर ठेवलीय, फक्त दोनेक महिन्यांतून एकदा काढून बॅटरी पूर्ण भरतो आणि पूर्ण उतरवतो.