सत्तावीस फ्रेम

आज पुन्हा तोच खिडकीचा शॉट. 14 सेकंद, म्हणजे 350 फ्रेम, आणि त्यात मी इतकी ठळक उभी आहे की दादाने मोबाइलवर बघूनही विचारलं, "काचेत ही तू आहेस ना गं?" शूट करताना मला मी दिसले नव्हते. माझं सगळं लक्ष आतल्या आईकडे. कॅमेऱ्याला असलं काही कळत नाही, त्याने दोघींनाही टिपलं.

काळं कापड हवं होतं, लेन्सपुरतं भोक पाडलेलं. ते गाडीतच राहिलं. पोलरायझर होता, पण काचेसमोर सरळ उभं राहिलं की त्याचा काही उपयोग नसतो, बरंच तिरकं जावं लागतं. जाऊ दे.

तरी काम सोपं वाटलं होतं. मी मधेच पाण्याची मोटर बंद करायला गेले, तेव्हा कॅमेरा चालूच होता. तो माझ्याविना रिकाम्या काचेचा तुकडा म्हणजे आयती क्लीन प्लेट. त्यातली एक फ्रेम घेतली, माझ्याभोवती मास्क काढला, कडा तीसेक पिक्सेल फेदर केली आणि वर चिकटवली. थांबवून बघितलं तर अगदी बेमालूम. चालवलं आणि ठिगळ उघडं पडलं. बाकीच्या काचेत ग्रेन वळवळतंय आणि मधे माझ्या आकाराचा एक मेलेला तुकडा. एकच फ्रेम गोठवली की ग्रेनही गोठतं. मग चालता तुकडाच घेतला. तेवढ्या वेळात ऊन थोडं उतरलं होतं, म्हणून त्याचा उजेड जरा कमी केला आणि मास्कची कड खिडकीच्या लाकडी पट्टीला लावून नेली, म्हणजे सांधा तिथे लपतो. गॅमा मुद्दाम खूप चढवून शॉट पळवला. ठिगळ कुठेच दिसेना.

आईही दिसेना.

मला हे समजायला दहा मिनिटं लागली, याचीच लाज वाटते. समोरच्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर ऊन होतं. काच त्या उजेडाचा जेमतेम 8 टक्के भाग परत फेकते, पण आतली खोली एवढी अंधारी की तेवढ्यानेही ती पांढुरकी होऊन जाते. फक्त मी जिथे भिंतीच्या आड आले, तिथे काच काळी पडली आणि तेवढ्यातून आतलं दिसलं. सूप, आईचे हात, तांदूळ निवडणं, सगळं माझ्या धडातून. मी तिथून हलले की चुन्याची भिंत उरते.

उलटं करून पाहिलं. बाजूच्या काचेवरचा तो पांढुरकेपणा वजा करायचा, म्हणजे सगळीकडेच आतलं दिसेल. वजा केला. खाली आतलं असं फारसं उरलंच नव्हतं, नुसते चौकोन आणि ग्रेन. 8 बिटमध्ये शूट केल्यावर दुसरं काय मिळणार.

आणि मग तो हात. नवव्या सेकंदाला आई आतून म्हणाली असणार, "आत ये ना, चहा घे." आवाज नाहीये, पण दुसरं काय म्हणणार. काचेतली मी डावा हात वर करते. थांब. 27 फ्रेम. तो हात भिंतीवर आडवा येतो, तिथली काच काळी होते, आणि नेमका तेवढ्यातून आईचा चेहरा दिसतो. वर बघणारा. हात खाली जातो तसा चेहराही जातो.

मी तो तुकडा किती वेळा पाहिला ते लिहीत नाही. आईला थांब म्हणायला मला फार वेळ लागत नाही, एवढंच. शूटच्या दिवशीही नाही लागला, त्याआधीही... असो.

रात्री अकराला डोकं जरा ठिकाणावर आलं. माणूस ओळखू येतो तो डोक्या-खांद्यांमुळे. तेवढेच झाकले, धड ठेवलं आणि त्याच्या दोन्ही कडा मास्कनेच सरळ केल्या. आता ते उघड्या दाराच्या फळीचं प्रतिबिंब वाटतं. ट्रायपॉडच्या तंगड्या बारीक होत्या, शेजारचीच काच सरकवून झाकल्या. मी फळी होऊन आईला दाखवतेय, वाईट नाही.

हाताचा मास्क वेगळा ठेवलाय, फ्रेमगणिक हाताने काढलेला. लावला, काढला, लावला. शेवटी काढूनच टाकला. 27 फ्रेम कुणाला काय कळणार आहेत.

आईला पाठवला. तिचा लगेच फोन. "छान आलंय गं. पण काच पुसून घ्यायची होतीस, मधेच काहीतरी काळं हललं बघ."