माझा अनुभव : खांबांची दुरुस्ती सभेत समजावून सांगताना

आमच्या 32 सदनिकांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत देखभाल खर्च आणि पार्किंगमधील खांबांची दुरुस्ती समजावून सांगण्याचे काम खजिनदार म्हणून माझ्याकडे आले. पहिला मसुदा मी ताळेबंदावरूनच केला आणि तो शेजारचे सत्तरीतले काका व त्यांची अकरावीतली नात यांना दाखवला. तिसऱ्याच स्लाइडवर काकांनी चष्मा काढून ठेवला. नात म्हणाली, "पण आमचे पैसे जातात कुठे?"

त्या प्रश्नावरून मी खर्चाचा भाग नव्याने मांडला. एका सदनिकेच्या 3,200 रुपयांच्या मासिक बिलाची एकच आडवी पट्टी काढली : सुरक्षारक्षक व सफाईसाठी 1,250, सामायिक वीज व पंपासाठी 500, लिफ्टसाठी 450, पाण्यासाठी 350, विमा, लेखापरीक्षण व कार्यालयासाठी 250, आणि उरलेले 400 दुरुस्ती व सिंकिंग फंडासाठी. शेवटचा भाग वेगळ्या रंगात दाखवला, कारण हे पैसे त्या महिन्यात खर्च होत नाहीत, साठतात, आणि गैरसमज नेमका तिथेच होतो.

दुरुस्ती समजावणे अधिक अवघड गेले. 'सळ्यांचे गंजणे' असे लिहून कोणालाच काही कळत नव्हते. म्हणून एकाच खांबाची तीन छायाचित्रे घेतली : उभा तडा, फुगलेले प्लास्टर आणि ते काढल्यावर उघडी पडलेली गंजकी सळई. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. केवळ वरून प्लास्टर केल्यास गंज आत चालूच राहतो. हातोडीने हलके ठोकल्यावर फुगलेल्या जागी पोकळ आवाज येतो आणि चांगल्या जागी भरीव, हे काकांना पार्किंगमध्ये नेऊन ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, "हे सभेतही ऐकवा." मी दोन्ही आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले.

अंदाजपत्रक 9,60,000 रुपयांचे होते. दुरुस्ती निधीत 5,12,000 होते, म्हणजे उरलेल्या 4,48,000 साठी प्रत्येकी 14,000, चार हप्त्यांत 3,500. मात्र हा आकडा अंतिम म्हणून दाखवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. फुगलेले काँक्रीट तोडल्याशिवाय आतील नुकसान पूर्ण दिसत नाही, आणि बिल प्रत्यक्ष मोजलेल्या कामावर होते. म्हणून 15 टक्के वाढ झाल्यास प्रत्येकी आणखी 4,500 लागतील, हेही त्याच स्लाइडवर तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले. समितीतील काहींना ते नको होते. लोक घाबरतील, असे त्यांचे म्हणणे. मला वाटले, काम अर्धवट असताना ही रक्कम मागणे जास्त वाईट.

22 स्लाइडपैकी शेवटी सात उरल्या. पट्टी आणि हप्त्यांचा हिशेब ठळक छापून, 14 दिवस आधी निघालेल्या नोटिशीसोबत घरोघरी पाठवला, आणि ठरावाच्या मसुद्यात एक वाक्य घातले : खर्च 15 टक्क्यांपलीकडे जाण्याची शक्यता दिसल्यास समितीने पुढील काम करण्यापूर्वी पुन्हा सभा बोलवावी.