आपल्या म्हणजे कोणाच्या?

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले आहेत आणि मी दहा साड्यांचे बिल समोर ठेवून बसले आहे. बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले आहे. दुकानदाराचे काहीच चुकलेले नाही.

गुरुवारी मी लग्नाच्या ग्रुपवर अगदी तोलूनमापून विचारले होते की सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी ठेवायचे की लग्नाच्या सकाळी, आणि मानाच्या साड्या किती धरायच्या. विहीणबाईंच्या नावाखाली 'टाइप करत आहेत' असे तीनदा आले आणि तीनदा गेले. चाळीस मिनिटांनी उत्तर उमटले : "सगळे आपल्या पद्धतीनेच होऊ द्या, म्हणजे झाले."

या 'आपल्या'ने माझी झोप घालवली. आदराने म्हटले तर आपल्या म्हणजे तुमच्या. जिव्हाळ्याने म्हटले तर तुमच्या-आमच्या मिळून. आणि घरातल्या माणसाशी बोलावे तसे म्हटले तर सरळ स्वतःच्या. मी तिसराच अर्थ धरला. वाटले, त्यांच्या पद्धतीने म्हणजे आदल्या संध्याकाळी साग्रसंगीत सीमांतपूजन, नंतर सगळ्या वऱ्हाडाचे जेवण आणि एकवीस साड्या, कारण त्यांच्या थोरल्या सुनेच्या वेळी एकवीस झाल्याचे वन्संनी कुठूनसे ऐकून आणले होते. आमच्याकडे सीमांतपूजन लग्नाच्या सकाळीच उरकतात आणि अकरा साड्यांत सगळ्यांचा मान राहतो. शिवाय ते 'म्हणजे झाले'! मला त्यात दम दिल्यासारखा वाटला. हे म्हणाले, फोन करून विचार. मी केला नाही. मुलीच्या आईने पुन्हा पुन्हा काय विचारायचे, असे मला वाटले आणि मी लिहिले, "जशी आपली इच्छा."

हे तीन शब्द मी का लिहिले, हे मला अजून नीट कळलेले नाही. लिहिताना ते मला नम्र वाटले होते. आज वाचते तेव्हा कोणी कपाळाला आठी घालून दार लावून घ्यावे तसे वाटतात. माझ्या स्वतःच्या लग्नात सीमांतपूजनाच्या वेळी एका शालीवरून आईला जे ऐकून घ्यावे लागले होते, ते... पण ते आता नको.

शनिवारी विहीणबाईंचा संदेश आला : "आमच्याकडची माणसे दीडशेऐवजी शंभरच धरावीत. आपणांस उगाच त्रास नको." मी ह्यांना म्हटले, पाहा, रुसल्या, आता माणसेच आणत नाहीत. त्यावर मी आणखी एक शहाणपणा केला आणि लिहिले, "आमची काहीच तक्रार नाही." तक्रारीचे नाव कोणी काढले नव्हते, ते मीच काढले. मग दोन दिवस ग्रुपवर सुप्रभातची फुले आणि अंगठे यांखेरीज काही आले नाही. चिऊने दोनदा 'आई, काय झाले' म्हणून विचारले आणि मी दोन्ही वेळा भाजी चिरत राहिले. रविवारी दुपारी जाऊन उरलेल्या दहा साड्या घेऊन आले.

आज संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आधी हवापाणी झाले, मग त्या एकदम म्हणाल्या, "एक विचारू का? तुम्ही 'जशी आपली इच्छा' लिहिलं, तर आमच्यावर रागावल्या का?" मी त्यांना 'आपल्या पद्धतीचे' काय ते विचारले. "अहो, मी तर तुमच्याच पद्धतीचं म्हणून राहिली होती ना! सगळं तुमच्यावर पडलं, म्हणून म्हटलं की तुमच्या सोयीनं होऊ द्या." माझे ते वाक्य वाचून त्यांना वाटले की खर्च आम्हांला जड जातो आहे, म्हणून त्यांनी पन्नास माणसे कमी केली आणि त्यासाठी स्वतःच्या दोन चुलत नणंदांचा रोष पत्करला. आता त्या नणंदांना पुन्हा बोलावायचे कसे, ही त्यांची पंचाईत. आणि माझी पंचाईत या खोक्यात आहे.

साड्यांबद्दल मी त्यांना बोलले नाही. एकवीस साड्या नेमक्या कोणाच्या मानाच्या, हे मला सांगता आले नसते. वन्संना मात्र उद्या विचारायचे आहे. किंवा नकोच, त्या म्हणतील, मी कुठे म्हटले होते. यांतल्या दोन नेसायला मला स्वतःला आवडतील, ती मोरपिशी तर नक्कीच, आणि चिऊ गेल्यावर कपाटात जागाही होणारच आहे.

मघाशी, दहाच्या सुमाराला, ग्रुपवर विहीणबाईंनी लिहिले आहे : "हळदीला आपल्याकडची माणसे किती धरायची?" निळ्या खुणा केव्हाच उमटल्या आहेत, त्यामुळे मी वाचले आहे हे त्यांना ठाऊक आहे. 'आमच्याकडची की तुमच्याकडची' असे मी दोनदा लिहून दोनदा खोडले. आता फार उशीर झाला आहे. सकाळी चहा झाला की फोनच करते.